घडी आणि गुठळी : शॅपरोन प्रथिनांच्या शोधाची कथा

गाईच्या स्वादुपिंडात रायबोन्यूक्लिएज नावाचे एक एन्झाइम असते. १२४ अमिनो आम्लांची ही एक साखळी. तिला ठरावीक घड्या पडून तिचा आटोपशीर गोळा झालेला असतो आणि गंधकाच्या चार पुलांनी या घड्या जागच्या जागी टाचलेल्या असतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ख्रिश्चन अनफिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एन्झाइम युरियाच्या तीव्र द्रावणात टाकले आणि गंधकाचे पूल रसायनाने तोडले. साखळी सुटली, मोकळी झाली. एन्झाइमचे काम थांबले. मग त्यांनी युरिया आणि ते रसायन दोन्ही काढून टाकले आणि द्रावण हवेत राहू दिले. काही तासांत एन्झाइम पुन्हा कामाला लागले.

याहून बोलका होता तो उलटा प्रयोग. युरिया तसाच ठेवून पूल आधी जुळू दिले, तर आठ गंधक-टोके एकमेकांशी वाटेल तशी जुळतात. हिशेब केला तर अशा जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि त्यांतला एकच प्रकार बरोबर असतो. झालेही तसेच. या गुंतलेल्या एन्झाइमची ताकद मूळच्या सुमारे एक टक्काच भरली. पण युरिया काढून, पूल सुटून पुन्हा जुळावेत एवढ्यापुरतेच रसायन किंचित घातले, तेव्हा गुंता आपोआप सुटला आणि साखळी आपल्या मूळ घडीवर आली. कोणताही साचा नाही, कोणाचे मार्गदर्शन नाही. प्रथिनाचा आकार त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेला असतो, हा अनफिन्सन यांचा निष्कर्ष होता. १९७२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा निष्कर्ष आजही खरा आहे. मात्र प्रयोगाच्या दोन अटी त्या काळी फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. एक म्हणजे द्रावण खूप पातळ ठेवावे लागे. प्रथिन दाट झाले की अर्धवट सुटलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटत आणि तळाशी पांढरा साका बसे. दुसरी अट वेळेची. नळीत घडी बसायला तास लागत, पेशीत तेच काम मिनिटांत उरकते. ही तफावत खुद्द अनफिन्सन यांनाही खटकली होती. १९६३ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने प्राण्यांच्या पेशींतून असे एक एन्झाइम वेगळे केले, जे गंधकाचे चुकलेले पूल झपाट्याने बदलून देते. म्हणजे पेशीत मदतनीस असतात याचा पहिला पुरावा, मदतीची गरज नाही असे सिद्ध करणाऱ्याच माणसाच्या हाती लागला होता. पुढची पंचवीस वर्षे बहुतेक पाठ्यपुस्तकांनी त्यातला मदतीची गरज नाही हा भाग तेवढा शिकवला.

गर्दीची अडचण

पेशीच्या आत परीक्षानळीसारखा निवांतपणा नसतो. जीवाणूच्या पेशीत दर लिटरमागे सुमारे ३०० ग्रॅम मोठे रेणू कोंबलेले असतात. त्यांत प्रथिने आणि आरएनए मुख्य. रायबोसोममधून नवी साखळी एका टोकाकडून हळूहळू बाहेर येते. जीवाणूत दर सेकंदाला साधारण पंधरा ते वीस अमिनो आम्ले. पूर्ण साखळी बाहेर पडेपर्यंत तिची नीट घडी बसूच शकत नाही, आणि तोवर तिचे काही भाग उघडे राहतात.

हे उघडे भागच धोक्याचे असतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपैकी काहींचे पाण्याशी जमत नाही. घडी पूर्ण झाली की ती प्रथिनाच्या गाभ्यात, पाण्यापासून दूर दडून बसतात. घडी अपुरी असताना मात्र ती बाहेर असतात आणि पाणी टाळण्यासाठी शेजारच्या दुसऱ्या साखळीच्या तशाच भागाला चिकटतात. मग तिला तिसरी, तिसरीला चौथी. अंडे उकडले की पातळ पांढरे का गोठते आणि गार केल्यावरही ते पुन्हा पातळ का होत नाही, त्याचे कारण हेच. चिकटण्याला उलटा रस्ता सहसा नसतो.

म्हणून प्रत्येक नव्या साखळीपुढे दोन वाटा असतात. एक आतल्या आत घडी बसण्याची, दुसरी शेजाऱ्याला चिकटण्याची. कोणती वाट आधी पुरी होते यावर सारे अवलंबून. घडी बसण्याच्या वेगावर गर्दीचा फारसा परिणाम होत नाही, पण चिकटण्याचा वेग गर्दीबरोबर वाढत जातो. १९८२ साली याचा दाखला औषधनिर्मितीतून पुढे आला. ई. कोलाय जीवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेताना पेशींत मोठ्या प्रमाणावर प्रथिन तयार झाले खरे, पण ते गुठळ्यांच्या रूपात साठलेले आढळले. अमिनो आम्लांचा क्रम अचूक होता. आकार मात्र मिळालेला नव्हता.

चार ठिकाणचे चार धागे

ही अडचण पेशी कशी सोडवते याचे उत्तर कोणी मुद्दाम शोधत नव्हते. ते वेगवेगळ्या प्रश्नांवर काम करणाऱ्या माणसांना आडवाटेने सापडत गेले.

पहिला धागा नेपल्समधला. फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. ही गुणसूत्रे फार जाड असतात आणि जिथले जनुक जोरात काम करत असेल तिथे ती फुगलेली दिसतात. एकदा सहकाऱ्याने उबवणीच्या पेटीचे तापमान वाढवून ठेवले आणि रितोसांना गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. उष्णता लागताच काही ठरावीक जनुके जागी होतात हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. ही जनुके कोणती प्रथिने बनवतात हे १९७४ साली आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांना उष्माघात प्रथिने असे नाव पडले. पण ती करतात काय, हे कोणालाच सांगता येईना.

दुसरा धागा इंग्लंडमधील केंब्रिजचा. रॉन लास्की बेडकाच्या अंड्यावर काम करत होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने आणि डीएनए परीक्षानळीत एकत्र केले की लगेच साका बनतो, कारण दोहोंवर विरुद्ध विद्युतभार असतो आणि ते एकमेकांवर तुटून पडतात. अंड्याच्या अर्कात मात्र ते शिस्तीत जुळत. १९७८ साली लास्कींनी त्यामागचे प्रथिन वेगळे केले, न्यूक्लिओप्लाझ्मिन. ते हिस्टोनला धरून ठेवते, भलत्या जोडणीपासून दूर ठेवते आणि योग्य जोडणी झाली की सोडून देते. तयार रचनेत ते स्वतः कुठेही उरत नाही. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण जशी चार दिवस सोबत करून माघारी येते, तशी ही वागणूक. लास्कींनी त्याला ‘मॉलिक्युलर शॅपरोन’ म्हटले. तेव्हा हे नाव त्या एका प्रथिनापुरतेच होते.

तिसरा धागा वाटाण्याच्या पानातला. वॉरिक विद्यापीठातील जॉन एलिस रुबिस्कोचा अभ्यास करत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून वनस्पतीच्या अन्नात बसवणारे हे एन्झाइम आठ मोठ्या आणि आठ लहान साखळ्या मिळून बनते. मोठ्या साखळ्या हरितलवकातच तयार होतात. रॉजर बॅराक्लफ आणि एलिस यांनी वेगळ्या केलेल्या हरितलवकांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, म्हणजे नव्या साखळ्या ओळखू येतील. मग त्यांनी प्रथिनांचे जोड न तोडता ती जेलवर वेगळी केली. नव्या मोठ्या साखळ्या थेट रुबिस्कोत गेलेल्या नव्हत्या. त्या आधी दुसऱ्याच एका प्रचंड प्रथिनाला चिकटलेल्या दिसत आणि थोड्या वेळाने तिथून निघून रुबिस्कोत दिसू लागत. १९८० साली हे प्रसिद्ध झाले. रुबिस्कोच्या सुट्या साखळ्या मुळात फार चिकट, तेव्हा ही नळीतली अपघाती चिकटाचिकट असावी, अशी शंका घ्यायला वाव होता. एलिस यांनी मात्र ते प्रथिन सोडले नाही.

चौथा धागा जीवाणू आणि त्यांना ग्रासणाऱ्या विषाणूंचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कोस्टा जॉर्गोपोलस आणि इतरांना ई. कोलायचे असे उत्परिवर्ती वाण सापडले, ज्यांत लॅम्डा विषाणू वाढू शकत नव्हता. विषाणूच्या डोक्याची प्रथिने बनत, पण त्यांची डोकी न होता गुठळ्या होत. यजमान जीवाणूच्या ज्या जनुकातल्या बिघाडामुळे हे घडत होते त्याला ग्रो-ई म्हटले गेले. १९७९ साली त्याचे प्रथिन, ग्रो-ईएल, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले : सात-सात घटकांची दोन कडी, एकावर एक ठेवलेली. हे जनुक जीवाणूला स्वतःसाठीही लागते हे कळले होते, पण कशासाठी ते कळले नव्हते.

१९८७ साली एलिस यांनी लास्कींचे नाव उचलून त्याचा अर्थ रुंद केला. दुसऱ्या प्रथिनांना जुळायला मदत करणारी, पण तयार रचनेत न राहणारी सारी प्रथिने त्यांनी शॅपरोन या एका वर्गात घातली. पुढच्याच वर्षी शॉन हेमिंग्सन, जॉर्गोपोलस, एलिस आणि सहकाऱ्यांनी वाटाण्यातील त्या प्रचंड प्रथिनासारख्या वनस्पती-प्रथिनाची आणि जीवाणूच्या ग्रो-ईएलची अमिनो आम्ले शेजारी शेजारी मांडून पाहिली. जवळजवळ निम्मी जुळली. पानातल्या आणि जीवाणूतल्या दोन कोड्यांचे उत्तर एकच निघाले.

येलमधले यीस्ट

येल विद्यापीठातील आर्थर हॉर्विच बालरोगाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. यकृतातील ऑर्निथिन ट्रान्सकार्बामिलेज या एन्झाइमवर त्यांचे काम होते. ते नसेल तर नवजात मुलांच्या रक्तात अमोनिया साठून जिवावर बेतते. हे एन्झाइम पेशीच्या मुख्य भागात बनते आणि मायटोकॉन्ड्रियात शिरून तिथे काम करते. मायटोकॉन्ड्रियाचे दार अरुंद असते. तिथून घडी घातलेले प्रथिन जात नाही, साखळी सुटी होऊन ओवली जाते. म्हणजे आत गेल्यावर घडी पुन्हा बसायलाच हवी.

हॉर्विच यांच्या गटाने हे मानवी एन्झाइम यीस्टमध्ये घातले आणि तापमान वाढवल्यावर बिघडणारे यीस्टचे उत्परिवर्ती वाण एकेक करून तपासले. त्यांचा शोध होता दाराशी अडकणाऱ्या प्रथिनांचा. १९८७ साली एका वाणात काही निराळेच दिसले. प्रथिन आत पोहोचले होते. प्रवेशासाठी साखळीच्या टोकाला लावलेला तुकडा आत गेल्यावर कापला जातो, तोही कापला गेला होता. तरीही एन्झाइम काम करत नव्हते. प्रवेश झाला, घडी झाली नाही. अनफिन्सन यांच्या नियमाप्रमाणे असे व्हायला नको होते, कारण आकाराची सगळी माहिती साखळीपाशीच होती. बिघडलेले जनुक शोधले तेव्हा ते एचएसपी ६० निघाले. तेही एक उष्माघात प्रथिनच, आणि ग्रो-ईएलचे सख्खे भावंड. ते नसेल तर यीस्ट जगतच नाही.

तरी एक प्रश्न उरला. हे प्रथिन घडी घालायला मदत करते, की घडी झालेल्या साखळ्यांची नुसती जुळणी करते? हॉर्विच यांचे एन्झाइम तीन साखळ्यांचे होते, त्यामुळे त्यावरून हे ठरत नव्हते. म्युनिकमध्ये फ्रान्झ-उलरिख हार्टल यांनी त्यासाठी एकाच साखळीचे प्रथिन निवडले. जुळणीचा प्रश्नच नको. घडी बसली की नाही हे ओळखण्याची त्यांची युक्ती साधी होती. प्रथिने कुरतडणारे एक एन्झाइम घालायचे. सुटी साखळी ते झटकन फस्त करते, पक्की घडी बसलेली साखळी तगते. पेशीचे इंधन असलेले एटीपी काढून घेतले तेव्हा आत आलेली साखळी एचएसपी ६० ला धरून राहिली आणि कुरतडली गेली. एटीपी परत दिले तेव्हा ती सुटली आणि तगली. १९८९ साली हे दोन्ही शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मदत घडीलाच मिळत होती.

डेलावेअरची नळी

त्याच वर्षी ड्युपॉन्ट कंपनीच्या डेलावेअरमधील प्रयोगशाळेत पिएर गोलुबिनोफ, जॉर्ज लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी सगळा मामला पुन्हा परीक्षानळीत आणला. हा प्रयोग अनफिन्सन यांच्या प्रयोगाचेच पुढचे पाऊल होता. त्यांनी एका जीवाणूचे दोन साखळ्यांचे साधे रुबिस्को घेतले, त्याच्या साखळ्या पूर्ण सुट्या केल्या आणि नेहमीच्या तापमानाच्या द्रावणात ओतल्या. साखळ्यांच्या गुठळ्या झाल्या. एन्झाइमचे काम परत आले नाही.

मग शुद्ध ग्रो-ईएल आधीच द्रावणात ठेवून पाहिले. गुठळ्या थांबल्या, पण एन्झाइमही तयार झाले नाही. ग्रो-ईएलने साखळ्या धरून ठेवल्या होत्या, सोडल्या नव्हत्या. शेवटी त्याचा लहान साथीदार ग्रो-ईएस आणि मॅग्नेशियमसह एटीपी घातले. तेव्हा कुठे रुबिस्को कामाला लागले. धरणे आणि सोडणे अशी दोन कामे आहेत आणि सोडण्यासाठी ऊर्जा खर्च होते, हे नळीत सुट्या घटकांनिशी सिद्ध झाले.

याच प्रयोगात एक बारीक निरीक्षण होते. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे, असे मला वाटते. ग्रो-ईएल आधीपासून हजर असेल तर फायदा पुरेपूर मिळे. ते घालायला जितका उशीर, तितके हाती येणारे एन्झाइम कमी. एकदा गुठळी बनली की ग्रो-ईएल तिचे काही करू शकत नव्हते. म्हणजे हे मदतनीस साखळीला आकार शिकवत नाहीत, आकार साखळीलाच ठाऊक असतो. ते फक्त चुकीच्या वाटेवर जाण्याआधी तिला थोपवतात. त्यांचे सामर्थ्य वेळेवर पोहोचण्यात आहे.

ते नेमके कसे थोपवतात हे १९९४ आणि १९९७ साली येलमध्ये पॉल सिग्लर आणि हॉर्विच यांच्या क्ष-किरण चित्रांनी दाखवले. ग्रो-ईएलच्या कड्याच्या तोंडाशी आतल्या बाजूने पाण्याशी न जमणारी अमिनो आम्ले असतात. अर्धवट साखळीचे उघडे भाग त्यांना चिकटतात. सात एटीपी रेणू बसले आणि ग्रो-ईएसचे झाकण लागले की कड्याच्या भिंती वर उचलल्या जाऊन वळतात, पोकळी दुपटीने मोठी होते आणि आतला पृष्ठभाग पाण्याशी जमवून घेणारा होतो. साखळी भिंतीपासून सुटते आणि बंद खोलीत एकटी राहते. शेजारी नाही, त्यामुळे चिकटायलाही कोणी नाही. काही सेकंदांनी एटीपी खर्ची पडते, झाकण उघडते. घडी बसली असेल तर प्रथिन निघून जाते, नसेल तर पुन्हा पकडले जाते. अनफिन्सन यांच्या नळीतला पातळ, निवांत एकांत गर्दीच्या मधोमध एका साखळीपुरता तयार होतो. या खोलीत साधारण ६० हजार डाल्टनपर्यंतचेच प्रथिन मावते. त्याहून मोठ्यांसाठी पेशीकडे इतर शॅपरोन आहेत. त्यांतले एचएसपी ७० साखळीचा उघडा छोटा भाग रायबोसोमवरून उतरतानाच झाकून धरते.

जेव्हा वेळ चुकते

मदतनीस वेळेवर पुरे पडले नाहीत तर काय होते, ते हंटिंग्टन रोगात दिसते. या रोगाचे वर्णन अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या डॉक्टरने १८७२ साली केले होते. साधारण तीस ते पन्नास या वयात हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात, मग विचारशक्ती ढासळते आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत मृत्यू येतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. व्हेनेझुएलात माराकैबो सरोवराकाठच्या मोठ्या बाधित कुटुंबांच्या मदतीने त्याचे जनुक शोधले गेले आणि १९९३ साली ते हाती आले.

बिघाड चमत्कारिक होता. हंटिंग्टिन हे ३,१०० हून अधिक अमिनो आम्लांचे भले मोठे प्रथिन. त्याच्या सुरुवातीलाच ग्लुटामिन या एकाच अमिनो आम्लाची सलग माळ असते. निरोगी माणसात ती सहसा २७ पेक्षा आखूड असते. ४० किंवा त्याहून लांब असेल तर माणूस पुरेसे जगल्यास रोग होतोच. मधल्या आकड्यांत, ३६ ते ३९ या टप्प्यात, काहींना होतो आणि काहींना नाही. माळ जितकी लांब तितका रोग लवकर, असा सर्वसाधारण कल. एकाच अक्षराच्या काही जादा आवृत्त्यांनी माणूस का मरावा?

उत्तर १९९७ साली आले. लंडनमध्ये गिलियन बेट्स यांनी लांब माळ असलेला हंटिंग्टिनचा तुकडा घातलेले उंदीर तयार केले होते. स्टीफन डेव्हिस यांनी त्यांच्या मेंदूपेशी पाहिल्या तेव्हा केंद्रकात प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या. तशाच गुठळ्या रुग्णांच्या मेंदूतही आढळल्या. बर्लिनमध्ये एरिक वांकर यांच्या गटाने हे नळीत करून दाखवले. त्यांनी हंटिंग्टिनचा तुकडा दुसऱ्या एका विरघळणाऱ्या प्रथिनाला जोडला, म्हणजे तो शांत राहील. मग एन्झाइमने तो जोड कापला. ५१ ग्लुटामिनच्या तुकड्याचे तंतू बनले, २० किंवा ३० च्या तुकड्याचे बनले नाहीत. हे तंतू इतके पक्के होते की तीव्र साबणद्रव्यानेही सुटत नव्हते. द्रावण बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळले की सुटे प्रथिन निघून जाई आणि तंतू पडद्यावर अडकत. किती गुठळ्या झाल्या ते असे मोजता येऊ लागले. रोग सुरू होतो तिथला आकडा आणि नळीत तंतू बनतात तिथला आकडा मिळतेजुळते होते.

आता दोन कथा एकत्र आल्या. २००० साली हार्टल आणि वांकर यांच्या गटांनी, पॉल मुखोव्स्की यांच्या पुढाकाराने, याच नळीत एचएसपी ७० आणि त्याचा साथीदार एचएसपी ४० घातले. एटीपी असेल तर तंतू बनणे रोखले गेले. त्यांच्या जागी साबणद्रव्यात विरघळणारे, सैल गोळे तयार झाले. आणि डेलावेअरचीच गोष्ट इथेही दिसली. तुकडा कापल्यानंतर तंतू दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. त्या काळात साखळ्या एकेक करून पहिले बीज जमवत असतात. शॅपरोन तेव्हा घातले तर परिणाम सर्वांत चांगला. नंतर घातले तर फारसा उपयोग नाही.

त्याआधीच, १९९९ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅन्सी बोनिनी यांनी हेच फळमाशीत तपासले होते. हंटिंग्टनच्या जातीचाच मचाडो-जोसेफ नावाचा एक रोग आहे, त्यातही ग्लुटामिनची माळ लांबलेली असते. ७८ ग्लुटामिनची माळ असलेले ते प्रथिन माशीच्या डोळ्यात घातले की डोळ्याचा रंग जातो आणि तो आतून खचतो. सोबत मानवी एचएसपी ७० दिले तेव्हा डोळा बराचसा शाबूत राहिला. एक गोष्ट मात्र अपेक्षेबाहेरची होती. पेशींतल्या गुठळ्या तशाच दिसत होत्या. डोळा वाचला, गुठळी राहिली.

मग मारक काय, गुठळी की तिच्याआधीचे काही? २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्हन फिंकबायनर यांच्या गटाने यंत्रमानवी सूक्ष्मदर्शकाने एकेका मेंदूपेशीवर दिवसेंदिवस पाळत ठेवली. मोठी गुठळी बनलेल्या पेशी न बनलेल्यांपेक्षा जास्त जगल्या. धोका विरघळलेल्या, लहान, चिकट पुंजक्यांत असावा आणि मोठी गुठळी म्हणजे पेशीने ते एका कोपऱ्यात गोळा करून केलेली बचावाची सोय असावी, असे यावरून दिसते. म्हणून मेंदूतल्या मोठ्या गुठळ्या मोजून रोग किती घातक ते ठरवता येत नाही, आणि नुसत्या गुठळ्या विरघळवणे हा उपचार ठरेलच असेही नाही.

दुसरा धोका २००६ साली रिचर्ड मोरिमोटो यांच्या गटाने एका सूक्ष्म कृमीत दाखवला. लांब ग्लुटामिन-माळ असलेले प्रथिन ज्या पेशीत आहे, तिथली इतर नाजूक, तापमानाला बिचकणारी प्रथिनेही साध्या तापमानाला बिघडू लागली. त्यांचा त्या माळेशी काही संबंध नव्हता. शॅपरोनची ताकद मर्यादित असते. ती एका हट्टी प्रथिनामागे खर्च झाली की बाकीच्यांना पुरत नाही. वय वाढले की उष्माघात प्रथिने तयार करण्याची क्षमताही मंदावते. जन्मापासून पेशीत असलेले प्रथिन चाळिशीपर्यंत शांत का राहते आणि मग का उसळते, याचा काही भाग इथे उलगडतो.

या साऱ्यावरून उपचाराची दिशा सुचते, पण वाट सोपी नाही. यीस्टमध्ये एचएसपी १०४ नावाचे प्रथिन गुठळीतूनही साखळी ओढून काढू शकते. प्राण्यांच्या पेशींच्या मुख्य भागात त्याचे भावंड नाही. उष्माघात प्रतिसाद वाढवणारे अरिमोक्लोमोल हे औषध एएलएस या मज्जापेशींच्या रोगावर तपासले गेले आणि २०२१ साली अपयशी ठरले. २०२४ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती नीमान-पिक सी या वेगळ्याच दुर्मीळ रोगासाठी. शिवाय उष्माघात प्रथिने कायम चढी ठेवणे जोखमीचे आहे. कर्करोगाच्या पेशीही आपली बिघडलेली प्रथिने तगवून धरण्यासाठी त्यांचाच आधार घेतात, आणि सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने २००७ साली दाखवले की उष्माघात प्रतिसाद सुरू करणारे जनुक नसलेल्या उंदरांत कर्करोग कमी होतो.

हंटिंग्टन रोगात एक गोष्ट मात्र इतर बहुतेक गुठळीरोगांपेक्षा वेगळी आहे. रक्ताच्या चाचणीत माळेची लांबी मोजता येते आणि लक्षणे दिसण्याआधी अनेक वर्षे, अगदी विशीतही, कोणाला रोग होणार हे कळते. डेलावेअरच्या आणि हार्टल-वांकर यांच्या नळ्यांनी सांगितलेला काळ, म्हणजे पहिले बीज जमण्याआधीचा काळ, इथे माणसाच्या आयुष्यातली वीस-तीस वर्षे असू शकतो. त्या वर्षांत शॅपरोनना बळ देणारा, आणि तरीही वर्षानुवर्षे घेता येईल इतका सौम्य उपाय सापडायला हवा. लक्षणे सुरू झाल्यानंतर दिलेल्या औषधाकडून तीच अपेक्षा ठेवणे म्हणजे गोलुबिनोफ आणि लॉरिमर यांच्या नळीत ग्रो-ईएल उशिरा घालण्यासारखे आहे, आणि त्याचा निकाल १९८९ सालीच कळलेला आहे.